अपडेशन, अपग्रेडेशन आणि एका ‘एल’चं कॅन्सलेशन: स्टेटस मेलमधले हे शब्द कसे बदलायचे?

बँकेचा ‘केवायसी अपडेशन’चा मेसेज आला नाही असा खातेदार आता शोधूनही सापडणार नाही. हा शब्द बँकेच्या कारकुनाने मनाने घातलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६च्या केवायसी निर्देशांतच ‘पिरिऑडिक अपडेशन’ असा शब्दप्रयोग होता. जास्त जोखमीच्या ग्राहकांची माहिती किमान दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकांची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकांची १० वर्षांनी ताजी करून घ्यायची, असा तो नियम. त्याच २०१६ साली आधारचे नियम निघाले, त्यांचं नाव मात्र ‘आधार (एनरोलमेंट अँड अपडेट) रेग्युलेशन्स’. देश एक, वर्ष एक, कामही जवळपास तेच. एकीकडे अपडेशन आणि दुसरीकडे अपडेट.

मग ऑफिसात मेल लिहिणाऱ्याने काय लिहायचं? हा प्रश्न सगळ्यात जास्त अडतो तो स्टेटस मेलमध्ये. काम कुठवर आलं, काय झालं आणि काय राहिलं हे टीमला, साहेबांना किंवा क्लायंटला रोज नाहीतर आठवड्याने कळवणारा मेल म्हणजे स्टेटस मेल. पुण्याच्या सपोर्ट टीमने लिहिलेला मेल लंडनमध्ये वाचला जातो आणि तिथला माणूस ‘अपडेशन’पाशी थबकतो. बऱ्याच कंपन्यांत आता मेलचे नमुने तपासताना हे शब्द काढून टाकायला सांगतात. सांगणारे सहसा एवढंच सांगतात की ‘अपडेशनच्या जागी अपडेट करा’. एवढ्यावर काम भागत नाही. शब्द बदलला की आजूबाजूचं वाक्यही हलतं, आणि पुष्कळदा मूळ वाक्यात महत्त्वाची माहितीच नव्हती हे तेव्हा उघडं पडतं. म्हणून आधी हे शब्द तयार कसे झाले ते पाहू आणि मग एक मेल प्रत्यक्ष दुरुस्त करू.

### हे शब्द बनले कसे?

इंग्रजीत क्रिएटपासून क्रिएशन होतं, व्हॅलिडेटपासून व्हॅलिडेशन, अॅक्टिव्हेटपासून अॅक्टिव्हेशन. मग अपडेटपासून अपडेशन का होऊ नये? हिशेब वरवर बिनचूक वाटतो. गडबड शेवटच्या अक्षरांत आहे. क्रिएट किंवा व्हॅलिडेट यांच्या शेवटी येणारं ‘एट’ हा लॅटिनमधून आलेला प्रत्यय आहे आणि ‘एशन’ हा त्याच घराण्यातला, कामाचं नाव बनवणारा प्रत्यय. अपडेटमध्ये तो प्रत्ययच नाही. ‘अप’ आणि ‘डेट’ असे दोन स्वतंत्र शब्द जोडून अमेरिकेत १९४०च्या दशकात हे क्रियापद रूढ झालं. अर्थ सरळ: आजच्या तारखेपर्यंत आणणं. ‘डेट’ या शब्दाची शेवटची अक्षरं योगायोगाने त्या प्रत्ययासारखी दिसतात, एवढंच.

सोलापूरकर म्हणजे सोलापूरचा, अकलूजकर म्हणजे अकलूजचा, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून ‘शंकर’ हे नाव ऐकून कुणी ‘शं’ नावाचं गाव शोधायला निघत नाही. क्रिएट हा सोलापूरकर आहे आणि अपडेट हा शंकर. शेवट सारखा दिसतो, पण जोडणी वेगळी आहे.

अपग्रेडचंही तसंच. ‘ग्रेड’ला ‘अप’ लावून तो शब्द बनला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चढणीच्या रस्त्याला ‘अपग्रेड’ म्हणत. म्हणजे हा शब्द आधी नाम होता आणि ‘दर्जा वाढवणे’ हे क्रियापद पुढे विसाव्या शतकात त्यातून निघालं. जे मुळातच नाम आहे त्याला पुन्हा नाम करायला आणखी एक शेपूट लागत नाही.

इंग्रजीत असे शब्द ढिगाने आहेत, ज्यांत क्रियापद आणि नाम दोन्हींचं रूप एकच असतं: रिलीज, चेंज, डिले, रिक्वेस्ट. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक यांतले काही शब्द उच्चारातून वेगळे काढतात. अपडेट हे नाम असेल तेव्हा ‘अप’वर जोर आणि क्रियापद असेल तेव्हा ‘डेट’वर. मराठीत जोर बदलल्याने शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला सहज लागत नाही. एकच रूप दोन कामं करतं हे आपल्याला खटकतं आणि नामासाठी काहीतरी वेगळं हवं असं वाटतं. अपडेशनला आपल्याकडे इतकी पटकन जागा मिळण्याचं हे एक कारण असावं असं मला वाटतं.

### मराठीतून आलेलं वळण

दुसरं कारण जास्त खोल आहे. मराठीत कामाचं वर्णन करताना आपण बहुतेक वेळा एक नाम घेतो आणि त्याला करणे, होणे, बाकी असणे असं काहीतरी जोडतो. नोंदणी झाली. दुरुस्ती चालू आहे. तपासणी बाकी आहे. वसुली करून घ्या. सरकारी मराठीत तर ‘अद्ययावतीकरण’ असा तयार शब्दच आहे. ‘अद्ययावतीकरण प्रलंबित आहे’ हे वाक्य तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत कुठेही चालतं.

आता हीच रचना डोक्यात ठेवून इंग्रजी लिहायला बसलं की ‘झालं’, ‘चालू आहे’, ‘बाकी आहे’ यांच्या आधी ठेवायला कामाचं नाव लागतं. दुरुस्तीला करेक्शन मिळतं, तपासणीला व्हेरिफिकेशन मिळतं, तसं अद्ययावतीकरणाला अपडेशन मिळतं. मग ‘अपडेशन इज डन’, ‘अपडेशन इज पेंडिंग’ ही वाक्यं आपोआप तयार होतात. मराठीत ही रचना पूर्ण निर्दोष आहे. हिंदीतही अशीच आहे, म्हणून हा शब्द एकट्या महाराष्ट्रापुरता राहिला नाही.

इंग्रजीचा कल मात्र उलट आहे. तिथे माणूस आधी येतो आणि क्रियापद लगेच त्याच्या मागून: आम्ही नोंदी अपडेट केल्या. ही गोष्ट लक्षात आली की दुरुस्तीची दिशाही कळते. अपडेशनच्या जागी दुसरं कुठलं नाम ठेवायचं हा दुय्यम प्रश्न. तिथे नाम हवंच आहे का, हे आधी विचारायचं.

### अपडेशनचे तीन अर्थ

मेल नीट वाचले तर लोक अपडेशन हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात असं दिसतं. पहिली म्हणजे एखादी ठरावीक वस्तू किंवा घटना: सॉफ्टवेअरचा नवा तुकडा, किंवा कळवण्यासारखी ताजी बातमी. इथे सरळ ‘अपडेट’ बसतं. दुसरी म्हणजे चालू असलेली प्रक्रिया: यादी ताजी करत राहण्याचं काम. इथे ‘अपडेटिंग’ किंवा ‘आम्ही अपडेट करत आहोत’ असं वाक्य हवं. तिसरी म्हणजे कुणीतरी काहीतरी करून टाकलं किंवा करायचं आहे. स्टेटस मेलमध्ये हाच अर्थ सगळ्यात जास्त असतो आणि इथे नाम टाकून क्रियापद घेणंच बरं.

सरसकट बदल केला तर आणखी एक अडचण येते, जी लिहिताना सहज दिसत नाही. आपण अपडेशन हा शब्द पाण्यासारखा, न मोजता येणारा मानून वापरतो, म्हणून त्याच्या आधी ‘अॅन’ किंवा ‘द’ सहसा लावत नाही. अपडेट मात्र मोजता येतं. त्याच्या आधी यांतलं एक बहुतेक वेळा लागतंच. म्हणून खालच्या पहिल्या ओळीतला नुसता शब्द बदलला तर दुसरी ओळ हाती येते आणि ती पहिलीपेक्षा जास्त मोडकी दिसते. तिसरी आणि चौथी ओळ बरोबर आहे.

```
Updation is required in the form.
Update is required in the form.
The form needs an update.
Please update the form.
```

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतही फरक आहे. तिसरी फक्त परिस्थिती सांगते, चौथी काम सांगते. मेल वाचणाऱ्याने काही करायला हवं असेल तर चौथीच लिहावी.

### एक मेल दुरुस्त करून पाहू

खालचा मेल मी या लेखासाठी रचला आहे, पण रोज मेल वाचणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

```
Subject: Status - Server Upgradation and Record Updation

Dear All,
Server upgradation is completed.
Updation of 1,240 customer records is done and
60 are pending for updation from client side.
Cancelation of Saturday downtime is confirmed.
Kindly do the updation of contact sheet.
```

समजा आपण शोधा-आणि-बदला चालवून तिन्ही शब्द बदलले. पहिल्या ओळीत ‘सर्व्हर अपग्रेड इज कम्प्लीटेड’ होतं. आधी ‘द’ घातला की ते चालतं. दुसऱ्या ओळीत ‘अपडेट ऑफ १,२४० कस्टमर रेकॉर्ड्स इज डन’ असं काहीतरी अवघडलेलं उरतं. शेवटची ओळ ‘डू द अपडेट ऑफ’ अशी होते, जिथे नुसतं ‘अपडेट’ हे क्रियापद पुरेसं होतं. शब्द प्रमाण झाले, पण वाक्यं जिथल्या तिथेच राहिली.

खरी अडचण त्या ६० नोंदींच्या ओळीत आहे. ‘पेंडिंग फॉर अपडेशन फ्रॉम क्लायंट साइड’ म्हणजे नेमकं काय? क्लायंटने त्या ६० नोंदी स्वतः दुरुस्त करायच्या आहेत? की आपण करणार आहोत, पण त्यांच्याकडून माहिती यायची आहे? की माहिती आली आहे आणि त्यांची मंजुरी राहिली आहे? मूळ वाक्यात यातलं काहीच नाही. लिहिणाऱ्याला ते माहीत असेल, पण अपडेशन या नामामुळे करणारा कोण हे लिहायची गरजच पडली नाही. क्रियापद घेतलं की ‘कोणी?’ हा प्रश्न लगेच समोर येतो आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

म्हणून नमुने तपासणाऱ्याने इथे मनाने काही भरू नये. ज्याने मेल लिहिला त्यालाच विचारावं. समजा उत्तर मिळालं की या ६० ग्राहकांचे पत्ते अर्धवट होते, ते क्लायंटच्या टीमकडून यायचे आहेत आणि आल्यावर नोंद आपणच करणार. शनिवारचं सर्व्हर बंद ठेवायचं काम कुणी रद्द केलं हेही विचारावं लागेल. ते क्लायंटनेच रद्द करायला सांगितलं होतं असं धरू. मग मेल असा होतो:

```
Subject: Status: server upgrade and record updates

Dear all,
The server upgrade is complete.
We have updated 1,240 customer records. For the
other 60, we need full addresses from your team.
As you asked, we have cancelled Saturday's downtime.
Please update the contact sheet.
```

लांबी जवळपास तेवढीच आहे. पण आता क्लायंटला आपण काय करायचं आहे ते दोन वेळा स्पष्ट कळतं: पत्ते पाठवायचे आणि संपर्काची यादी दुरुस्त करायची. पहिल्या मेलवर ‘६० नोंदींबाबत आमच्याकडून नेमकं काय हवं आहे?’ असा उलट मेल आला असता आणि त्यात एखादा दिवस सहज गेला असता.

विषयाच्या ओळीत मात्र नामंच ठेवली आहेत. मथळ्यात वाक्य लागत नाही, विषयाचं नाव लागतं. तिथे ‘सर्व्हर अपग्रेड’ हेच योग्य. नोंदी अनेक असल्याने ‘रेकॉर्ड अपडेट्स’ असं अनेकवचन केलं आहे.

### कॅन्सलेशनची गोष्ट वेगळी

हा शब्द वरच्या दोघांच्या पंगतीत नेहमी बसवला जातो, पण त्याचा दोष निराळा आहे. शब्द म्हणून कॅन्सलेशन पूर्ण प्रमाण आहे. प्रश्न फक्त ‘एल’ एक की दोन एवढाच.

```
cancel
cancelled / cancelling   (British, Indian)
canceled  / canceling    (American)
cancellation             (all three)
```

गोंधळ कुठून होतो ते या चार ओळींत दिसतं. अमेरिकन लिखाणात कॅन्सल्ड आणि कॅन्सलिंग यांत एकच एल असतो. नोआ वेबस्टरने १८२८च्या शब्दकोशातून अमेरिकन स्पेलिंगं सुटसुटीत करण्याचा जो मार्ग धरला, त्याच वाटेवरची ही रूपं. क्रियापदाच्या शेवटच्या अवयवावर जोर नसेल तर शेवटचं व्यंजन दोनदा लिहू नये, असा त्यामागचा विचार. मग कुणालाही वाटेल की कॅन्सलेशनमध्येही एकच एल पुरेल. पण कॅन्सलेशन हा शब्द इंग्रजीत कॅन्सलला शेपूट लावून तयार झालेला नाही. त्याचे दोन एल थेट लॅटिनमधून आले आहेत. तिथे ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळी, आणि लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून तो रद्द करायचा, ही मूळ कल्पना. एक्सेलमध्ये एक एल असूनही एक्सलंटमध्ये दोन असतात, तसंच हे. म्हणून अमेरिकेतही कॅन्सलेशन दोन एलनेच लिहिण्याचा प्रघात आहे.

तरी एका एलच्या रूपाला सरळ चूक म्हणता येत नाही. मेरियम-वेबस्टरच्या कोशात ते पर्यायी रूप म्हणून दिलेलं आहे. याचा व्यवहारातला परिणाम असा की कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर स्पेलिंग तपासणी या शब्दाखाली लाल रेघ मारेलच याचा भरवसा नाही. तो डोळ्यांनीच पकडावा लागतो. दोन एल लिहिले तर जगात कुठेही कुणी हरकत घेणार नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आपल्याकडे रेल्वेचं तिकीट रद्द करण्याचे २०१५चे नियम आहेत, त्यांच्या इंग्रजी नावातही दोन एलचंच कॅन्सलेशन आहे.

क्रियापदाचं मात्र ठरवावं लागतं. कंपनीचे मेल ब्रिटिश वळणाने जात असतील तर दोन एल, अमेरिकन वळणाने जात असतील तर एक. एकाच मेलमध्ये दोन्ही नकोत.

### ‘डिग्रेडेशन चालतं, मग अपग्रेडेशन का नाही?’

हा सगळ्यात चांगला आक्षेप आहे. डिग्रेड आणि अपग्रेड हे भाऊ दिसतात. डिग्रेडेशन, ग्रेडेशन हे शब्द तर कोणत्याही कोशात सापडतात. फरक त्यांच्या जन्मात आहे. डिग्रेडेशन हे नाम लॅटिन-फ्रेंच वाटेने तयारच्या तयार इंग्रजीत आलं. अपग्रेड हे इंग्रजीनेच घरी जुळवलेलं आहे आणि त्यातला ‘अप’ लॅटिन नाहीच.

पण मी हेही मान्य करेन की हे कारण इतिहासाचं आहे, तर्काचं नाही. तर्काने पाहिलं तर अपग्रेडेशनची बाजू अपडेशनपेक्षा भक्कम आहे आणि म्हणूनच तो शब्द आपल्याकडे जास्त मुरला. वस्त्रोद्योग मंत्रालयाने १९९९ साली सुरू केलेल्या योजनेचं नावच ‘टेक्नॉलॉजी अपग्रेडेशन फंड स्कीम’ होतं. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथल्या यंत्रमागवाल्यांना ती ‘टफ’ म्हणून ठाऊक आहे. त्या योजनेबद्दल मेल लिहिताना तिचं नाव बदलून ‘टेक्नॉलॉजी अपग्रेड फंड’ करणं ही शुद्ध चूक ठरेल. नाव हे नाव असतं.

### ‘हे भारतीय इंग्रजी आहे, त्याला चूक का म्हणायचं?’

म्हणू नये. कोट्यवधी माणसं जो शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि ज्याने एकमेकांना बिनचूक समजतात, तो अडाणीपणाचा पुरावा नसतो. ‘प्रीपोन’ हा शब्द आपणच रूढ केला आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात तो भारतीय इंग्रजीचा शब्द म्हणून घेतला गेला. त्याने एक खरी गरज भागवली. कार्यक्रम अलीकडे ओढणं हे इंग्रजीत एका शब्दात सहज सांगता येत नव्हतं. अपडेशनने अशी कुठली नवी गरज भागवली आहे असं मला दिसत नाही, कारण अपडेट आणि अपडेटिंग दोन्ही आधीच हाताशी होते.

तरीही अपडेशन लिहिणाऱ्या सहकाऱ्याला चारचौघांत टोकणं मला पटत नाही. प्रश्न वाचणारा कोण आहे एवढाच आहे. पुण्यातल्या टीमने नागपूरच्या शाखेला लिहिलं तर अपडेशनने कुणाचंच अडत नाही. तोच मेल मँचेस्टरला किंवा शिकागोला गेला तर वाचणाऱ्याचं लक्ष क्षणभर मजकुरावरून शब्दावर जातं. हा शब्द त्याने कधी पाहिलेला नसतो, आणि ही एखाद्या विशिष्ट प्रक्रियेची तांत्रिक संज्ञा आहे की काय असा संशयही त्याला येऊ शकतो. अपडेट लिहिलं तर नागपूरला आणि शिकागोला दोन्हीकडे सारखंच कळतं. एकच मेल दोन्हीकडे जाणार असेल तर निवड सोपी आहे.

यातूनच एक इशारा द्यावासा वाटतो. ‘इंग्रजी विचित्र असेल तर मेसेज बनावट समजा’ असा सल्ला सगळीकडे फिरतो. आपल्याकडे तो अपडेशनला लागू करू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतच तो शब्द आहे म्हटल्यावर खऱ्या बँकेच्या मेसेजमध्येही तो असणार. बनावट मेसेज त्यातल्या लिंकवरून आणि ओटीपी किंवा पिन मागण्यावरून ओळखावा.

### कुठे हात लावायचा नाही

शब्द बदलण्याच्या भरात तीन जागी नुकसान होतं.

पहिली जागा म्हणजे स्क्रीनवरची नावं. पोर्टलवरच्या बटणावर ‘केवायसी अपडेशन’ लिहिलं असेल तर मेलमध्येही तेच लिहायचं, नाहीतर वाचणारा ‘केवायसी अपडेट’ नावाचं बटण शोधत बसेल. डेटाबेसमधल्या रकान्याचं किंवा फाइलचं नावही जसंच्या तसं राहू द्यायचं. दुसरी जागा म्हणजे उद्धृत केलेला मजकूर. परिपत्रकाचा विषय किंवा समोरच्याच्या मेलमधलं वाक्य आपण सुधारून द्यायचं नसतं.

तिसऱ्या जागेचा विचार फारसा कुणी करत नाही, ती म्हणजे मेलच्या विषयाची ओळ. रोज ‘डेली अपडेशन’ या विषयाने मेल जात असेल तर वाचणाऱ्याने त्या शब्दांवर नियम लावून तो मेल वेगळ्या फोल्डरमध्ये वळवलेला असू शकतो. विषय बदलला की नियम लागू होणं थांबतं आणि मेल भलतीकडे पडतो. उत्तर देताना विषय बदलला तर जीमेलमध्ये ते संभाषणही तुटून नवं सुरू होतं. म्हणून विषय बदलायचा असेल तर आदल्या मेलमध्ये तसं कळवावं आणि चालू संभाषण संपू द्यावं.

आपोआप जाणाऱ्या मेलचे नमुने एका फोल्डरमध्ये असतील तर शब्द कुठे कुठे आहेत हे आधी शोधून घ्यावं. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये चालणारी ही आज्ञा फक्त यादी देते, बदल काहीच करत नाही:

```
grep -rniE "updation|upgradation|cancelation" templates/
```

प्रत्येक ओळीपुढे फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक येतो. यादी हातात आली की एकेक ओळ वाचून ठरवायचं: इथे अपडेट, इथे क्रियापद, इथे बटणाचं नाव म्हणून जसंच्या तसं.

वर्ड किंवा आउटलुकमध्ये अपडेशन टाइप केलं की आपोआप अपडेट होईल अशी ऑटोकरेक्टची सोय लावायचा मोह होतो. ती लावू नये. वर पाहिलं तसा आधीचा ‘अॅन’ किंवा ‘द’ राहून जातो, आणि शब्दाखाली रेघच नसल्याने वाक्य मोडलं आहे हे लक्षातही येत नाही. त्यापेक्षा लाल रेघ येऊ द्यावी. ती येत नसेल तर कधीतरी कुणी ‘अॅड टू डिक्शनरी’ दाबून हा शब्द कॉम्प्युटरला शिकवून ठेवलेला असण्याची शक्यता असते. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि मग कस्टम डिक्शनरीज असं गेलं की ‘एडिट वर्ड लिस्ट’मध्ये शिकवलेल्या शब्दांची यादी दिसते. तिथून अपडेशन काढून टाकला की पुढच्या मेलपासून रेघ परत दिसू लागते.